एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये: नेटवर्क ठप्प झाल्यावर लूप कसा शोधायचा

नेटवर्क पडलं की तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: "इंटरनेट गेलंय." इंटरनेट गेलं असेल तर शेजारचा प्रिंटर तरी चालायला हवा. त्या दिवशी प्रिंटर चालत नव्हता, फाइल सर्व्हर उघडत नव्हता, वायफाय जोडलेलं दिसत होतं पण त्यातून काहीच जात नव्हतं, आणि राउटरला पाठवलेल्या दहा पिंगपैकी नऊ परत येत नव्हते. लाइन देणाऱ्या कंपनीला फोन लावायच्या आधी मी स्विच ठेवलेल्या कपाटाचं दार उघडलं. चोवीस पोर्टांच्या मुख्य स्विचवरचे जेवढे दिवे लागलेले होते तेवढे सगळे एकाच तालात, इतक्या वेगाने फडफडत होते की लांबून ते सलग जळतायत असं वाटावं.

हा लूप होता. नवख्या माणसाला तो पहिल्या वेळी ओळखू येत नाही, कारण काहीच जळालेलं, तुटलेलं किंवा बंद पडलेलं नसतं. उलट एक केबल गरजेपेक्षा जास्त जोडलेली असते. तो ओळखायचा कसा, कमीत कमी वेळात शोधायचा कसा आणि पुन्हा झाला तर एका खोलीपुरता कसा ठेवायचा, ते या लेखात आहे.

## आधी खात्री: हा लूपच आहे का?

साध्या दिवशी स्विचचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. कुणी मोठी फाइल उतरवत असेल तर त्याचा दिवा जोरात चालतो, रिकाम्या बसलेल्या यंत्राचा मधूनच मिचकतो. लूप झाला की हा फरक नाहीसा होतो. सगळे दिवे एकसारखे आणि एकदम हलतात, कारण प्रत्येक पोर्टमधून अक्षरशः तीच माहिती बाहेर पडत असते. ज्या यंत्रावर कुणी बसलेलंही नाही त्याचाही दिवा तेवढ्याच जोरात चालत असेल तर संशय बळावतो.

दुसरी खूण रीस्टार्टनंतर दिसते. घाबरलेल्या माणसाचा हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. स्विच बंद करून चालू केला की काही सेकंद सगळं छान चालतं, पिंग येतो, लोक "आलं, आलं" म्हणतात, आणि तेवढ्यात पुन्हा सगळं गोठतं. बिघडलेला स्विच सहसा असा वागत नाही. रीस्टार्ट करून हाती लागतं ते एवढंच, पण ते लक्षात ठेवा आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसू नका. एका ठिकाणी मी स्वतः याच्यात पाऊण तास घालवलाय.

तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. तारेने जोडलेल्या लिनक्स लॅपटॉपवर ही आज्ञा द्या. पत्त्याच्या जागी त्याच लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता घाला, `eth0` च्या जागी त्या कार्डाचं नाव:

```
sudo tcpdump -i eth0 -Q in -nn -e -c 20 ether src 02:00:00:aa:10:07
```

`-Q in` म्हणजे फक्त आत येणारं दाखव. आता विचार करा: माझ्याच कार्डाने पाठवलेली फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारं माहितीचं पाकीट, माझ्याच कार्डाकडे आत कशी येईल? निरोगी नेटवर्कमध्ये ती कधीच येत नाही, कारण ज्या पोर्टातून फ्रेम आली त्या पोर्टातून स्विच ती परत पाठवत नाही. म्हणून नेहमी ही आज्ञा नुसती वाट पाहत बसते. लूप असेल तर मात्र क्षणात वीस ओळी पडतात:

```
10:42:07.118204 02:00:00:aa:10:07 > ff:ff:ff:ff:ff:ff, ethertype ARP (0x0806), length 60: Request who-has 192.168.1.1 tell 192.168.1.37, length 46
10:42:07.118211 02:00:00:aa:10:07 > ff:ff:ff:ff:ff:ff, ethertype ARP (0x0806), length 60: Request who-has 192.168.1.1 tell 192.168.1.37, length 46
10:42:07.118219 02:00:00:aa:10:07 > ff:ff:ff:ff:ff:ff, ethertype ARP (0x0806), length 60: Request who-has 192.168.1.1 tell 192.168.1.37, length 46
```

लॅपटॉपने एकदाच विचारलं होतं, "192.168.1.1 कोण आहे?" तोच प्रश्न त्याच्या कानावर काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा आदळतोय. वायरशार्क वापरत असाल तर पाठवलेल्या आणि आलेल्या फ्रेमा एकत्रच दिसतील, पण तीच ओळ हजारो वेळा दिसली की वेगळं काही पाहायची गरज उरत नाही. ही तपासणी वायफायवरून करू नका. तुमचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली फ्रेम, अ‍ॅक्सेस पॉइंट पुन्हा प्रसारित करतोच, त्यामुळे तिथे अर्थ लावताना गोंधळ होतो.

## आत नेमकं काय चाललेलं असतं

छोटा स्विच फार साधा असतो. फ्रेम आली की तो दोन गोष्टी करतो. पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता पाहून "हा अमुक पोर्टावर राहतो" अशी नोंद ठेवतो. मग ज्याला पाठवायचंय त्याची नोंद असेल तर त्याच पोर्टातून फ्रेम सोडतो. नोंद नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठी असेल, म्हणजे ब्रॉडकास्ट, तर आली त्या पोर्टाशिवाय बाकी सगळ्यांतून सोडतो.

आता आठ पोर्टांचा स्विच डोळ्यांपुढे आणा. पोर्ट १ वरून तार मुख्य स्विचकडे गेलीय, पोर्ट २ वर एक संगणक आहे, आणि एका केबलचं एक टोक ७ मध्ये, दुसरं ८ मध्ये आहे. संगणक एक ब्रॉडकास्ट पाठवतो. स्विच त्याच्या प्रती सगळीकडे सोडतो, ७ आणि ८ मधूनही. सातातून गेलेली प्रत त्याच केबलने आठात आत येते. स्विचला ती नवी कोरी फ्रेम वाटते, म्हणून तो ती पुन्हा सगळीकडे सोडतो, त्यात ७ आलाच. आठातून गेलेली प्रत उलट्या दिशेने तेच करते. म्हणजे एका प्रश्नाच्या दोन प्रती त्या हातभर केबलमध्ये गोल फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीला इतर सगळ्या पोर्टांवर एकेक प्रत फेकत राहतात.

हे थांबत का नाही? आयपी पॅकेटमध्ये आयुष्य मोजणारा आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. आणि छोटा स्विच फ्रेमवर स्वतःची काही खूणही करत नाही, त्यामुळे "ही तर मीच मघाशी पाठवली" हे कळायला त्याला मार्ग नाही.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एकच हिशोब करू. सगळ्यात लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचे ८ बाइट आणि नंतरची १२ बाइटची मोकळी जागा धरली तर तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट लागतात. एक गिगाबिटच्या तारेवर अशा सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १४,८८,००० फ्रेमा मावतात, १०० मेगाबिटवर सुमारे १,४८,८००. नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र अधूनमधून ब्रॉडकास्ट करतंच, आणि एकदा फिरायला लागलेली फ्रेम बाहेर पडत नाही. त्यामुळे तार भरायला वेळच लागत नाही, आणि भरल्यावर खऱ्या कामाच्या फ्रेमांना जागा उरत नाही.

गर्दी हा त्यातला अर्धाच भाग. दुसरा अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्यामुळे लूप एका खोलीत असूनही अख्खं कार्यालय झोपतं. फिरून येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर मूळ पाठवणाऱ्याचाच पत्ता असतो. छोट्या स्विचला पोर्ट २ वरचा संगणक एकदा सातावर दिसतो, एकदा आठावर, आणि त्याची नोंद सतत बदलत राहते. त्या संगणकासाठी आलेलं उत्तर मग सातातून जातं, आठातून परत येतं, पुन्हा सातात जातं. मुख्य स्विचचीही तीच गत होते. लेखा विभागातल्या संगणकाचा ब्रॉडकास्ट लूपमध्ये फिरून मुख्य स्विचकडे परत येतो तेव्हा तो छोट्या स्विचच्या पोर्टावरून आलेला दिसतो. मुख्य स्विच नोंदवतो की लेखा विभाग आता तिकडे राहायला गेला, आणि लेखा विभागाची सगळी पत्रं तिकडे पाठवायला लागतो. म्हणजे नुसता वेग कमी होत नाही, पत्तेच चुकतात.

वायफायचं हाल याहून वाईट. अ‍ॅक्सेस पॉइंट ब्रॉडकास्ट शक्यतो हळू वेगाने पाठवतो, कारण लांबच्या आणि जुन्या यंत्रालाही ते ऐकू जायला हवेत. तारेवरून येणारा पूर त्या चिंचोळ्या वाटेत शिरला की वायफाय लगेच मान टाकतं. म्हणून पुष्कळदा पहिली तक्रार वायफायची येते आणि माणूस चुकीच्या दिशेने शोधायला लागतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. छोटा स्विच जुना १०० मेगाबिटचा आणि बाकी सगळं गिगाबिटचं असेल तर पूर १०० मेगाबिटपुरताच राहतो. अशा वेळी नेटवर्क पूर्ण मरत नाही, रखडत चालतं, कधी चालतं कधी नाही. यातला लूप दिवसचे दिवस सापडत नाही, कारण कुणालाच तो लूप वाटत नाही.

## शोधायची पद्धत: अर्धं काढा, दिवे बघा

परत त्या कपाटापाशी येऊ. मुख्य स्विचच्या पोर्ट १ वर राउटर, आणि ११ ते १५ या पोर्टांवरून पाच खोल्यांतल्या पाच छोट्या स्विचकडे गेलेल्या तारा. बाकी पोर्टांवर सर्व्हर, प्रिंटर आणि दोन अ‍ॅक्सेस पॉइंट. लूप यांतल्या कुठल्याही टोकाला असू शकतो, आणि दिव्यांकडे पाहून कुठल्या ते कळत नाही, कारण सगळेच सारखे फडफडतात.

आधी फोनवर कपाटाचा फोटो काढला. घाईत काढलेल्या तारा परत लावताना चुकल्या तर आपणच दुसरा लूप घालून बसू, ही भीती खोटी नाही. मग ११, १२ आणि १३ एकदम काढल्या आणि पाच सेकंद थांबलो. दिव्यांत फरक नाही. म्हणजे गडबड त्या तीन खोल्यांत नव्हती. त्या तारा तशाच बाहेर ठेवून १४ काढली. दिवे त्याच क्षणी शांत झाले, चालत्या पंख्याची वीज जावी तसे. लूप बाजूला पडला की बाकीच्या नेटवर्कमधला पूर आपोआप ओसरतो, कारण उरलेल्या प्रती पोचायच्या तिथे पोचतात आणि त्यांना फिरायला वाट राहत नाही.

आता ११, १२ आणि १३ परत लावल्या, १४ बाहेरच ठेवली. दार उघडल्यापासून चार मिनिटांत एक खोली सोडून सगळं कार्यालय कामाला लागलं होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवखा माणूस लूपची नेमकी केबल सापडेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवतो. त्याची गरज नसते. आधी आजारी फांदी वेगळी करा, झाड चालू द्या, मग निवांत त्या फांदीकडे जा.

मुख्य स्विच मॅनेज्ड असेल, म्हणजे त्यात लॉगिन करून आकडे पाहता येत असतील, तर तारा काढायचीही गरज पडत नाही. बहुतेक पोर्टांवर ब्रॉडकास्ट बाहेर जाताना दिसतील, पण ज्या पोर्टावर ते लाखांनी आत येतायत तो गुन्हेगार. सिस्कोच्या स्विचवर हे `show interfaces counters` मध्ये `InBcastPkts` या रकान्यात दिसतं. थोड्या अंतराने दोनदा आज्ञा द्या आणि कुठल्या पोर्टाचा आकडा उड्या मारतोय ते पाहा. त्याच स्विचच्या लॉगमध्ये अशी ओळही सापडू शकते:

```
%SW_MATM-4-MACFLAP_NOTIF: Host 0200.00aa.1007 in vlan 10 is flapping between port Gi1/0/5 and port Gi1/0/14
```

एकच यंत्र कधी ५ वर, कधी १४ वर दिसतंय, असं ती सांगते. अशा बऱ्याच ओळी असतील आणि प्रत्येकीत १४ सामाईक असेल तर उत्तर मिळालं. पुरात कधीकधी स्विचचं लॉगिनसुद्धा उघडत नाही. मग हाताने तारा काढायची पद्धत आहेच, आणि ती लॉगिन न मागणाऱ्या स्विचवरही चालते.

## त्या खोलीत गेल्यावर

चौदाची तार बैठकीच्या खोलीत गेली होती. टेबलाखाली धुळीत आठ पोर्टांचा स्विच, आणि त्यातून निघालेल्या एकाच निळ्या रंगाच्या सहा केबलांचा गुंता. मुख्य स्विचपासून तोडल्यावरही याचे दिवे वेड्यासारखे चालूच होते, कारण लूप याच्या पोटात होता.

कुठली केबल कुठे जाते हे डोळ्यांनी शोधत बसायचं नाही. एकेक केबल स्विचमधून काढा आणि दिवे मोजा. साध्या केबलचं टोक काढलं की या स्विचवरचा एकच दिवा विझतो, कारण तिचं दुसरं टोक दुसऱ्या यंत्रात असतं. लूपच्या केबलचं टोक काढलं की दोन दिवे एकदम विझतात. सातमधली केबल ओढली आणि आठाचाही दिवा गेला. त्याच क्षणी बाकीच्यांची फडफडही थांबली.

गुंता सोडवल्यावर उलगडा झाला. बैठकीला येणाऱ्यांच्या लॅपटॉपसाठी एक लांब केबल टेबलावर सोडून ठेवलेली असायची, एक टोक सातात, दुसरं टेबलावर मोकळं. आदल्या संध्याकाळी टेबल आवरताना कुणाला तरी ते लोंबकळणारं टोक दिसलं. "मला वाटलं निघालंय, म्हणून लावून टाकलं," असं त्या सहकाऱ्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचं काय चुकलं? टोक त्या भोकात बसतं, दिवा हिरवा लागतो, सगळं ठीक दिसतं.

जुन्या काळी असं केलं तर बहुधा काहीच झालं नसतं. स्विच ते स्विच जोडायला तेव्हा तारांची अदलाबदल केलेली वेगळी क्रॉसओव्हर केबल लागायची. साध्या केबलने दोन पोर्ट जोडले तर दिवाच लागत नसे. पुढे पोर्ट स्वतःच तारांची अदलाबदल ओळखून जुळवून घ्यायला लागले, आणि आता कुठलीही केबल कुठेही चालते. सोय झाली, पण नकळत मिळणारं संरक्षण गेलं.

दोन दिव्यांच्या युक्तीला एक मर्यादा आहे. लूप एकाच स्विचवर नसून दोन स्विचना दोन केबलांनी जोडल्यामुळे झाला असेल, तर प्रत्येक स्विचवर एकेकच दिवा विझेल. तेव्हा दिवे मोजण्याऐवजी कुठली केबल काढल्यावर फडफड थांबते ते पाहा. टेबलावरच्या आयपी फोनकडेही लक्ष असू द्या. त्याला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे आणि एक संगणकासाठी. दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटात गेली की फोनच्या आतला छोटा स्विच लूप पुरा करतो. हा प्रकार फोन हलवताना हमखास घडतो.

## लूप काढल्यावरची आवराआवर

बहुतेक यंत्रं आपोआप सावरतात. स्विचमधल्या चुकलेल्या नोंदी, ते यंत्र पुन्हा काही बोललं की लगेच दुरुस्त होतात. जे यंत्र गप्प बसतं त्याची नोंद बऱ्याच स्विचवर ३०० सेकंदांनी पुसली जाते. म्हणून एखादा प्रिंटर पाच मिनिटं सापडत नसेल तर घाबरू नका.

अडकतात ती पुराच्या वेळात चालू केलेली यंत्रं. त्यांना राउटरकडून आयपी पत्ता मिळालेला नसतो, म्हणून विंडोज स्वतःच 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तिथे हे चालवा:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

तरीही एखादा अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा स्वस्तातला राउटर गोठलेलाच राहिला तर आता त्याला खुशाल रीस्टार्ट करा. लूप गेल्यावर रीस्टार्टला अर्थ आहे.

## एकदा मुद्दाम लूप करून बघा

पुस्तकात वाचून हे डोक्यात बसत नाही, म्हणून शिकणाऱ्या प्रत्येकाकडून मी हा प्रयोग करून घेतो. साधा अनमॅनेज्ड स्विच घ्या, जो कुठल्याही नेटवर्कला जोडलेला नाही. ही अट मोडू नका. एका छोट्या केबलची दोन्ही टोकं त्याच्या दोन पोर्टांत लावा. दोन दिवे लागतील आणि शांत राहतील. बऱ्याच जणांना इथे आश्चर्य वाटतं: लूप तर झाला, मग वादळ कुठेय? साधा स्विच स्वतःहून एकही फ्रेम पाठवत नाही. फिरायला काही नाही, म्हणून शांतता.

आता तिसऱ्या पोर्टावर लॅपटॉप जोडा. जोडताक्षणी तो आयपी पत्ता मागायला पहिला ब्रॉडकास्ट सोडेल, आणि तिन्ही दिवे पेटून उठतील. लॅपटॉप काढून घ्या. लूपचे दोन दिवे तरीही फडफडत राहतील, कारण निघून गेलेल्या लॅपटॉपचा प्रश्न अजून आत फिरतोय. रीस्टार्टनंतर नेटवर्क काही सेकंदच का चालतं, याचं उत्तर इथे समोर दिसतं.

## पुढच्या वेळी नुकसान एका खोलीपुरतं राहावं म्हणून

लूप ओळखून पोर्ट बंद करण्याची पद्धत जुनी आहे. स्पॅनिंग ट्री ही रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना तयार केली. ही पद्धत वापरणारे स्विच दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाचा छोटा संदेश पाठवतात आणि तो कुठून परत येतो यावरून लूप ओळखतात. टेबलाखालच्या स्वस्त अनमॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून राखण करायची ती मुख्य स्विचवर, त्या खोलीकडे जाणाऱ्या पोर्टावर. सिस्कोवर असं:

```
interface GigabitEthernet1/0/14
 spanning-tree portfast
 spanning-tree bpduguard enable
 storm-control broadcast level 1.00
 storm-control action shutdown
```

बीपीडीयू गार्डचा अर्थ असा की या पोर्टावर बीपीडीयू आत आला तर पोर्ट ताबडतोब बंद कर. छोट्या स्विचमध्ये लूप असेल तर मुख्य स्विचचाच संदेश तिथे फिरून त्याच पोर्टावर परत येतो आणि पोर्ट बंद होतो. पण काही छोटे स्विच बीपीडीयू पुढे पाठवत नाहीत, गिळून टाकतात. तिथे हा पहारेकरी झोपलेलाच राहतो. म्हणून शेवटच्या दोन ओळी लागतात: ब्रॉडकास्ट पोर्टाच्या क्षमतेच्या एक टक्क्यावर गेले की पोर्ट बंद कर. गिगाबिटवर एक टक्का म्हणजे लहान फ्रेमा धरल्या तर सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास. एका खोलीत रोजच्या कामात त्याच्या जवळपासही जायचं कारण नाही. इतर कंपन्यांच्या स्विचमध्ये हीच गोष्ट लूप प्रोटेक्ट किंवा लूप डिटेक्शन नावाने मिळते. तिथे स्विच बीपीडीयूवर न विसंबता स्वतःची खास फ्रेम सोडतो आणि ती परत आली तर पोर्ट बंद करतो.

मुख्य स्विचही अनमॅनेज्ड असेल तर पुढच्या खरेदीत निदान लूप ओळखणारा स्विच घ्या. तोवर हाताने करायचं काम एकच, पण ते नक्की करा: एक टोक मोकळं असलेली केबल स्विचला लावून ठेवायची नाही. बैठकीच्या खोलीतली लांब केबल आम्ही स्विचच्या बाजूने काढली, दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि रिकाम्या पोर्टांत प्लास्टिकची बुचं बसवली.

सेटिंग टाकल्यावर ते चालतं का हे सुट्टीच्या दिवशी पाहिलं. सहकाऱ्याला बैठकीच्या खोलीत बसवलं, हातात ती केबल. मी कपाटापाशी, दिव्यांकडे बघत. फोनवरून त्याला सांगितलं, "लाव, पण हात काढू नकोस. दहा आकडे मोज आणि ओढ." त्याने सातातून आठात टोक खोचलं. मुख्य स्विचचे दिवे क्षणभर फडफडले, मग चौदाचा दिवा विझला आणि बाकीचे जागेवर आले. लॉगमध्ये ओळ पडली:

```
%SPANTREE-2-BLOCK_BPDUGUARD: Received BPDU on port Gi1/0/14 with BPDU Guard enabled. Disabling port.
```

"इथे अजून नाचतायत दिवे," तो म्हणाला. नाचू देत म्हटलं, ते आता त्याच्याच टेबलाखाली नाचत होते. त्याने केबल ओढली. बंद झालेला पोर्ट स्वतःहून परत चालू होत नाही, म्हणून लूप निघाल्याची खात्री झाल्यावर त्या पोर्टाला आधी `shutdown` आणि मग `no shutdown` द्यावं लागतं. तो उलटा क्रम मात्र करू नका. लूप तसाच ठेवून पोर्ट उघडला तर थोड्याच सेकंदांत पुन्हा तीच ओळ वाचावी लागते.